तीन मिनिटांच्या लघुपटात माणूस बदलताना दाखवायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन मिनिटांत माणूस खरंच बदलू शकतो का?

स्वभाव बदलत नाही. एक सवय मात्र मोडू शकते आणि तीन मिनिटांना तेवढं पुरतं. एखादी बाई आयुष्यभर कुणाची मदत घेत नाही आणि आज, एकदाच, मदत मागते. एखादा माणूस नेहमी चूक दुसऱ्यावर ढकलतो आणि या वेळी गप्प राहून ती स्वतःवर घेतो. बदल एवढाच. तो एका निर्णयात मावला पाहिजे, आणि तो निर्णय हातापायांच्या हालचालीतून दिसला पाहिजे.

अनेक संहिता इथेच फसतात, कारण लेखक पूर्ण लांबीच्या चित्रपटातला बदल आखडून घेऊ पाहतो. कडवट बाप प्रेमळ होतो, भित्रा मुलगा शूर होतो. मग मध्ये एक भाषण घालावं लागतं किंवा संगीतावर सरकणारी दृश्यांची माळ. प्रेक्षकाला बदल झाल्याचं कळतं, पण तो होताना दिसत नाही. त्यामुळे कागदावर आधी एक वाक्य लिहा: ‘ही व्यक्ती एरवी अमुक करते, आज तमुक करते.’ दोन्ही जागी क्रियापद हवं. तिथे ‘समजतं’, ‘जाणवतं’ किंवा ‘उमगतं’ आलं, तर कॅमेऱ्यासमोर काय घडणार हे अजून ठरलेलं नाही.

इच्छा स्पष्ट हवी म्हणजे नेमकी कशी?

शेवटच्या शॉटमध्ये ती पुरी झाली की नाही, हे आवाज बंद करूनही कळलं पाहिजे. ‘तिला स्वाभिमान जपायचा आहे’ ही भावना खरी असेल, पण तिचा फोटो काढता येत नाही. ‘मुलगी पोचायच्या आत तिला दाराबाहेरचा दिवा लावायचा आहे’ याचा काढता येतो: अंधार आहे किंवा उजेड आहे.

या वाक्यात ‘पोचायच्या आत’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. मुदत नसेल तर पात्र थांबू शकतं किंवा उद्या करू शकतं, आणि मग अडथळ्याला धार राहत नाही. मुदत शक्यतो पडद्यावरच्या वेळेइतकीच ठेवा. तीन मिनिटांच्या गोष्टीत ‘पाच मिनिटांत पोचते’ चालतं. ‘पुढच्या महिन्यात’ म्हटलं की काळाच्या उड्या येतात आणि प्रत्येक उडी प्रेक्षकाला समजावण्यात काही सेकंद जातात.

स्वाभिमान टाकून द्यायचा असं नाही. तो दिव्याच्या मागे उभा राहतो. वरवर मागणं साधं असतं आणि त्याच्या पोटात मोठं काहीतरी असतं. प्रेक्षकाला वरचं मागणं पहिल्या तीस सेकंदांत कळायला हवं. आतलं त्याचं त्याला हळूहळू लागू द्या.

एक उदाहरण घेऊन उलगडता येईल का?

हो. खालची सगळी उत्तरं याच उदाहरणावर चालतील.

मालतीबाई, वय सत्तर, एकट्या राहतात. दाराबाहेरच्या पॅसेजमधला दिवा गेला आहे. मुलीचा फोन येतो: “आई, पाच मिनिटांत पोचते. आज ठरवूनच टाकू, तू एकटी राहणार की माझ्याकडे येणार.” दारात अंधार दिसला, तर मुलगी काय म्हणेल हे मालतीबाईंना माहीत आहे. जिन्याच्या पायरीवर शेजारचा सोळा वर्षांचा उंच मुलगा बसला आहे. मालतीबाई स्टूल ओढतात, तो उठून स्टूल धरतो. “मी लावू का, आजी?” त्या म्हणतात, “सोड. माझं मला जमतं.”

पहिला प्रयत्न: स्टुलावर चढूनही हात चार बोटं कमी पडतो. दुसरा: स्टुलावर लाकडी खोकं ठेवून चढतात. हात पोचतो, पण खोकं डुगडुगतं. भिंत धरायला जाताना बल्ब निसटतो आणि पायऱ्यांवरून टक टक करत खाली जातो. घरात दुसरा बल्ब नाही. त्या आत जाऊन स्वतःच्या खोलीतला दिवा बंद करतात आणि टेबलावरच्या दिव्यातला बल्ब काढून आणतात. आता खोलीतही अंधार. तिसरा प्रयत्न: स्टूल भिंतीला टेकवलंय, खोकं स्थिर आहे, हात पोचतोय. आता हातच थरथरतो. बल्ब होल्डरवर नुसता टकटकतो, आत बसत नाही. खालून गाडीचं दार लागल्याचा आवाज येतो.

मालतीबाई खाली उतरतात. मुलगा गप्प आहे. त्या बल्ब त्याच्यापुढे धरतात. तो चढतो, त्या दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरतात. उजेड पडतो.

अडथळा कसा निवडायचा? बाहेरचा की आतला?

सुरुवात बाहेरून, शेवट आत. मालतीबाईंचे तीन प्रयत्न नीट पाहा. पहिल्यांदा अडवतं ते स्टूल, म्हणजे एक वस्तू. दुसऱ्यांदा अडवते ती त्यांनीच केलेली रचना. तिसऱ्यांदा अडवतो त्यांचा स्वतःचा हात. उंचीवर खोक्याचा उपाय आहे, डुगडुगण्यावर भिंतीचा आहे. थरथरीवर त्यांच्या एकटीपाशी उपाय नाही. सगळे उपाय संपल्यावर उरतो तो एकच, आणि तो नेमका त्यांनी पहिल्या अर्ध्या मिनिटात झिडकारलेला असतो.

अडथळ्याची कसोटी यातूनच मिळते. तो पार करायला पात्राला स्वतःची सवय मोडावी लागते का? समजा, थरथरीच्या जागी वीजच गेली असती. तीही अडचणच, मुदतही चुकली असती. पण वीज येण्याची वाट बघण्यात मालतीबाईंचं ‘माझं मला जमतं’ कुठेच पणाला लागत नाही. तो अडथळा कुठल्याही पात्रापुढे चालला असता, म्हणून तो या पात्राचा नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकाच वजनाचे तीन अडथळे. हात पोचत नाही, मग पुन्हा पोचत नाही, मग तिसऱ्यांदाही पोचत नाही. असं झालं की दुसऱ्या प्रयत्नापासून प्रेक्षक पुढे निघून जातो. प्रत्येक प्रयत्नात पात्राचं काहीतरी जास्त खर्च झालं पाहिजे. इथे पहिल्यात थोडा वेळ गेला, दुसऱ्यात बल्ब गेला, तिसऱ्याआधी खोलीतला उजेड गेला. मागे फिरायची वाट दर वेळी अरुंद होते.

प्रयत्न तीनच असावेत असा नियम नाही. दोनही चालतात, आणि एखादा प्रयत्न फार मोलाचा असेल तर दोनच बरे. चार मात्र 180 सेकंदांत बसत नाहीत. बसवले तर निर्णयाच्या क्षणाचा वेळ खातात.

180 सेकंदांची वाटणी कशी करायची?

आधी श्रेयनामावली वजा करा. स्पर्धेसाठी करत असाल तर तीन मिनिटांत नावं धरली आहेत का, हे नियमांत पाहून घ्या. धरली असतील तर सुरुवातीचं नाव आणि शेवटची यादी मिळून साधारण 12 सेकंद जातात. गोष्टीला 168 उरतात.

आपल्या उदाहरणात पहिले 28 सेकंद अंधार, फोन, स्टूल आणि ‘सोड’ यांना. तेवढ्यात इच्छा, मुदत आणि सवय तिन्ही कळलेली असतात. पहिल्या प्रयत्नाला 22 सेकंद, म्हणजे 0:50 पर्यंत. दुसऱ्याला 28, बल्ब पायऱ्यांवरून जाईपर्यंत, 1:18. खोलीतला बल्ब काढायला 20, 1:38. तिसऱ्या प्रयत्नाला 27, 2:05. मग निर्णय. त्याला पूर्ण 18 सेकंद, 2:23. मुलगा चढतो, उजेड पडतो, पावलं वर येतात, यांना 25 सेकंद, 2:48. उरलेले 12 नावांना.

निर्णयाला 18 सेकंद जास्त वाटतील. त्यात संवाद नाही, हालचालही जेमतेम. तरी तेवढे ठेवा, कारण सगळा चित्रपट त्या जागेसाठी आहे. मालतीबाई उतरतात, बल्बाकडे बघतात, जिन्याखाली बघतात, मुलाकडे बघत नाहीत, मग बघतात. यातलं प्रत्येक बघणं प्रेक्षकाला वाचायला तीन-चार सेकंद लागतात. हा भाग 5 सेकंदांत उरकला तर मदत मागणं हा केवळ सोयीचा मार्ग वाटतो.

एक पान म्हणजे एक मिनिट हा पटकथेचा ठोकताळा इथे जपून वापरा. ‘मालतीबाई बल्ब त्याच्यापुढे धरतात’ ही एक ओळ आहे, पण पडद्यावर ती दहा सेकंद चालू शकते. उलट दोन पात्रांचे पटापट संवाद पानभर पसरतात आणि अर्ध्या मिनिटात संपतात. खरा अंदाज हवा असेल तर स्टॉपवॉच लावून एका माणसाने सगळ्या हालचाली करून बघाव्यात, खरं स्टूल घेऊन.

बदल झाला हे प्रेक्षकाला कळवायचं कसं?

एकच चौकट दोनदा दाखवून. सुरुवातीला मुलाचा हात स्टुलावर आहे आणि मालतीबाई तो बाजूला सारतात. शेवटी त्याच जागी, त्याच अंतरावरून, मालतीबाईंचे हात स्टुलावर आहेत. कोण धरतंय हे उलटलं, म्हणजे बदल दिसला. ‘बरं झालं तू होतास’ असं वाक्य घातलं तर जे डोळ्यांनी कळलं तेच कानांना पुन्हा सांगितल्यासारखं होईल. तसं वाक्य लिहिलं गेलं असेल तर खोडा.

याला आधीची तयारी लागते. पहिल्या वेळी स्टुलावरचा हात एवढा स्पष्ट दिसला पाहिजे, की दोन मिनिटांनी तो आठवेल. किमान दोन सेकंदांचा जवळचा शॉट, आणि तोही ‘सोड’ हा शब्द ऐकू येत असताना. शब्द आणि चित्र एकत्र आलं की ते लक्षात राहतं.

मुलाने शेवटी पुन्हा ‘मी लावू का’ विचारलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. ही चूक वाचताना सहसा पकडली जात नाही. मुलाने विचारलं आणि मालतीबाईंनी मान डोलावली, तर पाऊल मुलाने उचललं. त्या फक्त कबूल झाल्या. बदल मालतीबाईंचा असेल तर हात आधी त्यांचा पुढे यायला हवा.

म्हणून मुलगा सुरुवातीला एकदाच विचारतो. झिडकारल्यावर तो पायरीवर बसून राहतो आणि नंतर एक शब्दही बोलत नाही. त्याच्या गप्प राहण्याने मालतीबाईंचं काम अवघड होतं, कारण आता मागायचं तर आपला मघाचा शब्द आपणच मागे घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रयत्नात बल्ब पडतो तेव्हा तो अर्धा उठून पुन्हा बसला तर छान. मदत करायची त्याची तयारी आहे आणि तो मान राखतोय, हे तेवढ्याने कळतं.

साधा नियम असा धरा: निर्णयाच्या आधीच्या दहा सेकंदांत दुसऱ्या कुठल्याही पात्राने मुख्य पात्राला काही सुचवायचं नाही. योगायोगानेही सुटका करायची नाही. खालच्या मजल्यावरून आणखी कुणी स्टूल घेऊन आलं तर गोष्ट तिथेच मिटली.

मागची कहाणी किती सांगायची?

जवळजवळ काहीच नाही. मालतीबाई अशा का झाल्या हे सांगायला लागलात तर 30 सेकंद जातील आणि बदल्यात मिळेल फक्त कारण. प्रेक्षकाला कारण लागत नाही. सवय दिसली की त्याला पुरतं. खोलीत बल्ब काढताना टेबलावर एकच ताट, एकच खुर्ची दिसू दे. दोन सेकंद.

संवाद किती असावेत?

या उदाहरणात तिघं एकेकदाच बोलतात आणि ते सगळं पहिल्या 28 सेकंदांत संपतं. संवाद असू नयेत असं नाही, पण जो संवाद इच्छा सांगतो तो एकदाच हवा, आणि जो बदल सांगतो तो नकोच. मधल्या भागात मालतीबाई स्वतःशी पुटपुटायला लागल्या, की समजा तो प्रयत्न चित्रातून नीट उभा राहिलेला नाही.

पात्र शेवटी हरलं, किंवा बदललंच नाही, तर चालतं का?

दोन्ही चालतं. इच्छा पुरी होणं आणि बदल होणं या दोन वेगळ्या दोऱ्या आहेत. मालतीबाईंना उजेड मिळतो, पण एकटीने मिळत नाही. दिवा लागायच्या आधीच मुलगी पोचली आणि अंधारात मालतीबाई स्टूल धरून उभ्या आहेत, असाही शेवट होऊ शकतो. इच्छा हुकली, बदल झाला. तो शेवट थोडा जास्त बोचरा आहे आणि वाईट अजिबात नाही.

त्या बदलल्याच नाहीत असं दाखवायचं असेल तर एक अट आहे. बदलायची संधी दिसली पाहिजे आणि त्या ती नाकारताना दिसल्या पाहिजेत. बल्ब मुलापुढे धरायला हात निम्मा उचलला जातो, मग तोच बल्ब पदराआड जातो आणि त्या अंधारात पायरीवर बसतात. हा निम्मा उचललेला हात नसेल, तर नुसतंच काही घडलं नाही असं वाटेल.

चित्रीकरणात काय सांभाळायचं?

पहिली आणि शेवटची स्टुलाची चौकट एकामागोमाग चित्रित करा, गोष्टीत त्या कितीही लांब असल्या तरी. कॅमेऱ्याची उंची, लेन्स आणि अंतर जमिनीवर चिकटपट्टी लावून नोंदवा. दोन चौकटी थोड्याशा वेगळ्या झाल्या तरी आठवणीचा धागा तुटतो. मुद्दाम एकच फरक ठेवा: पहिली अंधारी, दुसरी उजळलेली.

शॉट क्रमाने घेता येत नाहीत, त्यामुळे अभिनेत्रीला आपण प्रवासात कुठे आहोत हे दर वेळी कळायला हवं. शॉटच्या यादीत प्रत्येकापुढे एक क्रियापद लिहून ठेवा: झिडकारते, हट्ट करते, लपवते, हिशोब करते, देते. ‘उदास’, ‘हतबल’ असे शब्द नकोत, त्यांतून चेहरा करायची ओढ लागते. हाताची थरथरही मोजून ठरवा. पहिल्या प्रयत्नात जवळजवळ नाही, दुसऱ्यात बल्ब निसटण्याआधी एकदा, तिसऱ्यात उघड. पहिल्यापासून हात थरथरत असेल तर तिसऱ्या प्रयत्नाला नवं काही उरत नाही.

वयस्क अभिनेत्रीला खोक्यावर प्रत्यक्ष चढवू नका. पायांचा जवळचा शॉट जमिनीलगतच्या भक्कम ओट्यावर घ्या, हात आणि होल्डरचा वेगळा घ्या. होल्डर पूर्ण वेळ विजेपासून तोडलेलाच असावा. उजेड शेजारी लपवलेल्या दुसऱ्या दिव्याने, खुणेवर पाडा. बल्ब पडण्याच्या शॉटसाठी चौकटीबाहेर जाड कापड धरा आणि पायऱ्यांवरचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा. तो आवाज लांबत जाणारा हवा, कारण बल्ब कुठवर गेला हे चित्रात दाखवायची मग गरज राहत नाही.

पहिलं संकलन 3:40 चं झालं. काय कापायचं?

सुरुवात प्रत्येक प्रयत्नाच्या तोंडापासून करा. स्टूल ओढणं, चढणं, तोल सावरणं हे पहिल्या वेळी पूर्ण दाखवा. दुसऱ्या वेळी थेट खोक्यावरच्या पायापासून आणि तिसऱ्या वेळी थेट होल्डरजवळच्या हातापासून सुरू करा. एवढ्यानेच 15 ते 20 सेकंद सहज निघतात. मग मुलाच्या प्रतिक्रियांचे शॉट पाहा. संकलक भीतीपोटी ते पेरत जातो, पण बल्ब पडतानाचा एक सोडला तर बाकीचे जाऊ शकतात. त्यानंतर खोलीत जाणं-येणं: दारातून आत जाताना दाखवलं असेल तर बाहेर येताना दाखवू नका.

निर्णयाच्या 18 सेकंदांना हात लावायचा मोह शेवटी होतोच, कारण तिथे ‘काही घडत नाही’. आधी बाकी सगळं कापून बघा. तरीही लांबी जास्त असेल तर एक अख्खा प्रयत्न काढा, पण तो पहिला असू दे. तो काढून सरळ खोक्यापासून सुरुवात केली तरी गोष्ट उभी राहते. तिसरा काढला तर अडथळा आत पोचतच नाही.

झालेलं संकलन गोष्ट माहीत नसलेल्या तीन माणसांना आवाज बंद करून दाखवा आणि प्रत्येकाला वेगळं गाठून विचारा: तिला काय हवं होतं, ते का मिळत नव्हतं, आणि शेवटी तिने काय वेगळं केलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर अडखळलं तर दोष पहिल्या 28 सेकंदांत आहे. दुसऱ्या प्रश्नाला ‘स्टूल लहान होतं’ असं उत्तर आलं आणि हाताचा उल्लेखच आला नाही, तर तिसऱ्या प्रयत्नात हाताचा जवळचा शॉट वाढवा. तिसऱ्या प्रश्नाला ‘मुलाने मदत केली’ असं उत्तर आलं, तर प्रेक्षकाने कर्ता म्हणून मुलाला पाहिलंय. अशा वेळी बल्ब पुढे येतो तो शॉट मुलाच्या चेहऱ्यावर असतो असं बहुतेकदा सापडतं. तो बदलून मालतीबाईंच्या हातावर आणा.